कोंबड्यांचा कॉलरा: औषधाने मरतूक थांबते, पण रोग जातो का?



कुक्कुटपालनाच्या व्हिडिओंनंतर एक प्रश्न बऱ्याचदा येतो. "संध्याकाळी कोंबडी ठणठणीत होती, दाणा खाल्ला, अंडंही दिलं. सकाळी खुराडं उघडलं तर मेलेली. दुसऱ्या दिवशी अजून तीन. कुणी विष घातलं का?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो: "औषध दिलं, मरतूक थांबली, आणि महिन्याभराने परत सुरू झाली. असं का?"

अशा मरतुकीची कारणं बरीच असू शकतात. पण हे दोन्ही प्रश्न एकत्र आले की एक नाव हमखास तपासून बघावं लागतं, ते म्हणजे कोंबड्यांचा कॉलरा, ज्याला काही जण 'पटकी' म्हणतात. या लेखात आपण हा एकच रोग घेणार आहोत. तो ओळखायचा कसा, औषधाने काय होतं आणि काय होत नाही, आणि रोग येऊन गेल्यावर व्यवसायाचा निर्णय कसा घ्यायचा, हे हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावसारख्या गावात ६० गावरान कोंबड्या पाळणाऱ्या माणसाचं उदाहरण धरून बघूया.

हा रोग नेमका कशाने होतो?

नाव कॉलरा असलं तरी माणसाच्या कॉलऱ्याशी याचा काही संबंध नाही. हा रोग 'पाश्चुरेला मल्टोसिडा' नावाच्या जिवाणूमुळे होतो. हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांच्यावरून पडलं. १८७९-८० च्या सुमारास पाश्चर याच कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करत होते. जुनं, कमजोर झालेलं जिवाणूंचं कल्चर टोचलेल्या कोंबड्या नंतर ताजे जिवाणू टोचूनही तग धरतात, हे त्यांना दिसलं. प्रयोगशाळेत जंतू कमजोर करून लस बनवण्याची वाट इथूनच उघडली.

आपल्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला या जिवाणूचा एक भाऊबंद चांगला माहीत आहे. पावसाळ्याच्या तोंडावर म्हशी-बैलांना ज्या घटसर्पाची लस टोचतो, तो घटसर्पही याच जातीच्या जिवाणूमुळे होतो. पण प्रकार वेगळा. म्हणून एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा: घटसर्पाची उरलेली लस कोंबड्यांना टोचून काही उपयोग नाही. ती जनावरांसाठी आहे, कोंबड्यांमधल्या प्रकारापासून ती वाचवत नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट वयाची. हा रोग कोंबड्यांमध्ये बहुतेक वेळा मोठ्या वयात, साधारण १६ आठवड्यांच्या पुढे दिसतो. ब्रॉयलरची बॅच सहा आठवड्यांच्या आसपास विकली जाते, त्यामुळे तिथे तो क्वचित त्रास देतो. खरा फटका बसतो तो अंड्यांच्या लेअर फार्मला, ब्रीडर फार्मला आणि वर्ष-दोन वर्षं सांभाळल्या जाणाऱ्या गावरान, गिरिराज, वनराज, कडकनाथ अशा पक्ष्यांना. शेजारी बदकं किंवा टर्की असतील तर ते कोंबडीपेक्षाही लवकर बळी पडतात.

रोगाची दोन रूपं: एक पटकन मारतं, दुसरं लपून राहतं

हा भाग नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय यावरच अवलंबून आहेत.

*पहिलं रूप: अचानक मरतूक.* जिवाणू थेट रक्तात पसरतो. बऱ्याचदा पहिलं लक्षण म्हणजे मेलेली कोंबडीच. मरणारी कोंबडी रोडावलेली नसते, उलट चांगली भरलेली, अंड्यावर असलेली असते. म्हणूनच लोकांना विषाचा किंवा सापाचा संशय येतो. नीट लक्ष ठेवलं तर काही कोंबड्या मरायच्या आधी काही तास पिसं फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेल्या दिसतात. अंगात ताप असतो, श्वास जोरात चालतो, तोंडातून चिकट लाळ गळते, तुरा निळसर-जांभळा पडतो. हगवण आधी पांढरट पातळ, मग हिरवट आणि चिकट होते.

*दुसरं रूप: रेंगाळणारा आजार.* जी कोंबडी पहिल्या तडाख्यातून वाचते, किंवा जिला सौम्य लागण होते, तिच्यात जिवाणू एखाद्या जागी ठाण मांडून बसतो. सगळ्यात ओळखीची खूण म्हणजे सुजलेले गलोल, म्हणजे चोचीखाली दोन्ही बाजूंना लोंबणारा तो लाल मांसल भाग. एका किंवा दोन्ही बाजूंचा गलोल फुगतो, हाताला गरम लागतो, नंतर कडक होतो. आत पातळ पू नसतो, पनीरसारखा घट्ट साका असतो. कोंबड्यांचे गलोल मोठे असलेल्या नरांमध्ये ही सूज लांबूनही दिसते. याशिवाय पायाचा सांधा किंवा तळवा सुजून लंगडणं, डोळ्याभोवती सूज, मान एका बाजूला वाकडी होणं, श्वास घेताना घरघर होणं, अशीही लक्षणं दिसतात.

गंमत अशी की सुजलेल्या गलोलाची कोंबडी मरत नाही. ती फिरते, दाणा खाते, मधूनमधून अंडंही देते. मालक म्हणतो, "ही तर वाचली." पण तिच्या नाका-तोंडातून आणि डोळ्यातून येणाऱ्या पाण्यात जिवाणू असतो. ती भांड्यात चोच घालते आणि तेच पाणी बाकीच्या कोंबड्या पितात. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे काही कोंबड्यांना कसलीही सूज नसते, त्या दिसायला एकदम निरोगी असतात, तरीही जिवाणू बाळगून असतात.

तर या रोगाचं मुख्य घर म्हणजे वाचलेली कोंबडी. हे एक वाक्य कळलं की रोग परत परत का येतो ते कळलं.

बाकीच्या वाटाही आहेत. मेलेल्या कोंबडीला दुसऱ्या कोंबड्या टोचतात आणि लागण होते. उंदीर, मांजर, मोकाट डुक्कर, रानपक्षी हा जिवाणू आणू शकतात. खुराडी, क्रेट, खाद्याची रिकामी पोती, चपला यांवरूनही तो येतो. पण हा जिवाणू बाहेरच्या जगात फार चिवट नाही. कडक ऊन, कोरडेपणा आणि साधी जंतुनाशकं त्याला मारतात. ओल्या मातीत, विष्ठेत आणि सडणाऱ्या मेलेल्या पक्ष्यात मात्र तो बराच काळ टिकतो. आपल्याकडच्या काळ्या चिकट जमिनीत पावसाळ्यात खुराड्याभोवती जो चिखल साठतो, ती त्याची आवडती जागा.

कॉलराच आहे हे कसं ठरवायचं?

सरळ सांगायचं तर, नुसतं बघून ठरवता येत नाही. अचानक मरतूक इतर रोगांतही होते:

- मानमोडी (राणीखेत): हा विषाणूचा रोग आहे, अँटिबायोटिकने बरा होत नाही. लहान-मोठी सगळी पाखरं मरतात. मान पिळवटणं आणि लुळेपणा जास्त दिसतो.
- बर्ड फ्लू: फार वेगाने, फार मोठी मरतूक होते. डोकं, तुरा आणि गलोल यांना सूज व निळेपणा येऊ शकतो, म्हणजे दिसायला कॉलऱ्यासारखंच.
- कोरायझा: चेहरा सुजतो, नाकातून वास येणारा चिकट स्राव येतो, पण अचानक मरतूक सहसा कमी असते.
- विषबाधा: एकाच वेळी, एकाच खाण्यानंतर बऱ्याच कोंबड्या जातात. कॉलऱ्यात आकडा रोज थोडा थोडा वाढत जातो.

बर्ड फ्लूचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावात एका पोल्ट्रीवर दोन-तीन दिवसांत शेकडो कोंबड्या मेल्या. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लू निघाला. मग परिसरातले पक्षी नष्ट करावे लागले. त्यामुळे अचानक मरतूक दिसली तर पहिलं काम औषधाच्या दुकानात जाणं हे नाही. पहिलं काम फोन करणं.

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा किंवा १९६२ हा टोल फ्री क्रमांक लावा. कालपासून किती मेल्या, वय काय, एकूण किती आहेत, नवीन पक्षी कधी आणले, कुठल्या लशी झाल्या, हे एका कागदावर लिहून ठेवा आणि फोनवर वाचून दाखवा. मेलेली कोंबडी घरी फाडू नका. डॉक्टरांनी आणायला सांगितलं तर नुकतीच मेलेली कोंबडी हातमोजे घालून दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधा, बर्फावर ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. सडलेली कोंबडी नेऊन फारसं काही कळत नाही.

डॉक्टर काय बघतात? शवविच्छेदनात हृदयावरच्या चरबीवर लालभडक बारीक ठिपके दिसतात. यकृत मोठं झालेलं असतं आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरट-पिवळे ठिपके असतात. मग यकृताचा किंवा रक्ताचा काचपट्टीवर ठसा घेऊन रंगवतात. सूक्ष्मदर्शकाखाली या जिवाणूची दोन्ही टोकं गडद आणि मधला भाग फिका दिसतो, जणू बंद केलेली सेफ्टी पिन. ही काचपट्टी चांगली असेल तर त्याच दिवशी दिशा मिळते. पक्की खात्री आणि कुठलं औषध चालेल याची तपासणी करायला जिवाणू प्रयोगशाळेत वाढवावा लागतो. आपल्या भागासाठी परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. राज्य पातळीवर पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे.

एक काळजी घ्या: नमुना औषध सुरू करण्याआधी घ्यायचा. अँटिबायोटिक पोटात गेल्यावर जिवाणू प्रयोगशाळेत वाढत नाही, आणि मग रिपोर्ट कोरा येतो.

औषधाने काय होतं, काय होत नाही

कॉलरा जिवाणूचा रोग असल्यामुळे अँटिबायोटिकने मरतूक कमी होते, आणि लवकर सुरू केलं तर चांगलीच कमी होते. यासाठी टेट्रासायक्लिन गटातली औषधं, सल्फा गटातली औषधं, पेनिसिलिन वगैरे वापरली जातात. कोणतं, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनीच लिहून द्यायचं. कारण शेजारच्या फार्मवर चाललेलं औषध तुमच्याकडच्या जिवाणूवर चालेलच असं नाही. शिवाय सल्फा औषधांनी अंडी घटतात आणि औषधाचा अंश अंड्यात उतरतो, म्हणून अंड्यावरच्या कोंबड्यांना ती परस्पर देऊ नयेत.

औषध पाण्यातून देताना सगळ्यात जास्त चुका होतात. आजारी कोंबडी खाणं सोडते, पण पाणी पिते, म्हणून पाण्यातून देणं बरोबर आहे. हिशोब असा करा. मोठी कोंबडी साधारण दिवसात २०० ते २५० मिली पाणी पिते, कडक उन्हाळ्यात त्याच्या दुप्पटही. म्हणजे ६० कोंबड्यांना एरवी दिवसाला १२ ते १५ लिटर लागेल. औषध तेवढ्याच पाण्यात, रोज ताजं मिसळायचं. ५० लिटरच्या टाकीत मिसळलं तर प्रत्येक कोंबडीला चौथा हिस्साच मिळेल.

परसातल्या मोकळ्या कोंबड्यांची अडचण वेगळी आहे. त्या नालीचं, गोठ्याचं, डबक्याचं पाणी पितात आणि औषधाच्या भांड्याकडे बघतही नाहीत. म्हणून उपचाराचे दिवस त्यांना खुराड्यात किंवा जाळीच्या आत बंद ठेवा, आणि आत औषधाच्या पाण्याशिवाय दुसरं पाणी ठेवू नका. ज्या अगदी मलूल आहेत त्यांना डॉक्टरांकडून इंजेक्शन द्या.

दोन-तीन दिवसांत मरतूक थांबली की लोक औषध बंद करतात. तसं करू नका, सांगितलेले दिवस पूर्ण करा. अंडी आणि मांस विकण्याआधी औषधाच्या पाकिटावर लिहिलेला थांबण्याचा काळ पाळा, त्या काळातली अंडी घरीही खाऊ नका.

आता शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर. औषधाने मरतूक थांबते, पण कळपातून रोग जात नाही. सुजलेल्या गलोलातल्या घट्ट साक्यात औषध नीट पोचत नाही. लपून बसलेला जिवाणू तसाच राहतो. औषध बंद झालं, पाऊस झाला, थंडी पडली, गर्दी झाली किंवा अंड्यांचा ताण वाढला की मरतूक परत सुरू होऊ शकते. मग परत औषध, परत थोडे दिवस शांतता. या चक्रात छोट्या उद्योजकाचा नफा औषधाच्या बिलात जातो.

६० कोंबड्यांचं उदाहरण

समजा, गोरेगावजवळच्या वस्तीवर एका भाऊंकडे ५५ गावरान कोंबड्या आहेत. आठवडी बाजारात स्वस्तात मिळाल्या म्हणून त्यांनी ५ मोठ्या, अंड्यावरच्या कोंबड्या आणल्या आणि थेट कळपात सोडल्या. एकूण ६० झाल्या. दोन आठवड्यांनी पहिल्या दिवशी ३ मेल्या, दुसऱ्या दिवशी ५, तिसऱ्या दिवशी ६. तिसऱ्या दिवशी नमुना गेला, काचपट्टीवर कॉलरा दिसला, औषध सुरू झालं. चौथ्या दिवशी ३ मेल्या, पाचव्या दिवशी १, सहाव्या दिवशी शून्य. म्हणजे १८ गेल्या, ४२ उरल्या. तीन आठवड्यांनी बघितलं तर त्यातल्या ५ कोंबड्यांना खुणा आहेत: तिघींचे गलोल सुजलेले, एक लंगडते, एकीची मान वाकडी.

आता भाऊंसमोर तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता: ४२ तशाच ठेवायच्या. आज खर्च शून्य. पण जिवाणूचं घर अंगणात कायम. पुढच्या वेळी आणलेली प्रत्येक नवीन तलंग या जुन्या कोंबड्यांकडून लागण घेईल.

दुसरा रस्ता: खुणा असलेल्या ५ काढून टाकायच्या, ३७ ठेवायच्या. हे पहिल्यापेक्षा नक्की चांगलं. पण खुणा नसलेल्या वाहक कोंबड्या उरतातच. हा रस्ता धरला तर हा कळप 'बंद' मानायचा: बाहेरून एकही पक्षी आणायचा नाही, इथला एकही जिवंत पक्षी दुसऱ्याला पाळायला द्यायचा नाही, आणि पुढच्या हंगामात परत मरतूक होऊ शकते हे धरून चालायचं.

तिसरा रस्ता: कळप पूर्ण बदलायचा. खुणा असलेल्या ५ काढून पुरायच्या. औषधाचा थांबण्याचा काळ पूर्ण झाला आणि डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की ठणठणीत असलेल्या ३७ मांसासाठी विकायच्या. नग ४०० रुपये धरला तर ३७ × ४०० = १४,८०० रुपये हातात येतील. हा आकडा मी उदाहरणासाठी धरलाय, तुम्ही तुमच्या बाजारातला भाव टाका. मग साफसफाई, तीन-चार आठवडे जागा रिकामी, आणि नवीन पिल्लं.

तिसऱ्या रस्त्याची खरी किंमत पिल्लांची नाही. खरी किंमत म्हणजे नवीन कोंबड्या अंड्यावर येईपर्यंतचे पाच-सहा महिने, अंड्यांचं उत्पन्न नाही आणि खाद्याचा खर्च चालू. म्हणून घरापुरत्या दहा कोंबड्या असतील तर दुसरा रस्ता चालेल. पण ज्याला ६० च्या २०० करायच्या आहेत, त्याने रोगाच्या घरावर नवीन पैसा घालू नये. त्याच्यासाठी तिसराच रस्ता स्वस्त पडतो, कारण वाढवलेल्या २०० मधून ३० टक्के गेल्या तर तोटा ६० पक्ष्यांचा आहे.

"पण माझी गावरान जात चांगली आहे, ती कशी सोडू?" याचं उत्तर या रोगाच्या स्वभावातच आहे. कॉलरा अंड्यातून पिल्लात जात नाही. त्यामुळे स्वच्छ, न तडकलेली अंडी निवडून ती दुसऱ्या जागी, मशीनमध्ये किंवा निरोगी कळपातल्या खुडूक कोंबडीखाली उबवली तर तुमची जात टिकते आणि रोग मागे राहतो. फक्त पिल्लं जुन्या कोंबड्यांजवळ कधीही आणायची नाहीत. हे करण्याआधी रोगाची खात्री मात्र हवीच, कारण टायफॉईडसारखे कोंबड्यांचे काही दुसरे रोग अंड्यातून पिल्लात जातात. नमुना तपासायला एवढा आग्रह त्यासाठीच.

आणि चौथा रस्ता, जो बरेच जण गुपचूप धरतात: वाचलेल्या कोंबड्या 'अंड्यावरच्या कोंबड्या' म्हणून बाजारात विकणं. भाऊंच्या घरी रोग असाच आला होता. हा रस्ता दुसऱ्या एखाद्या नवीन उद्योजकाचं भांडवल बुडवतो. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यात कोंबड्यांचा कॉलरा सूचीतला रोग आहे. संशय आला तर गावपातळीवर कळवणं ही मालकाची जबाबदारी आहे.

साफसफाई: क्रम चुकवू नका

१. मेलेले पक्षी रोज दोनदा उचला. निदान चार-पाच फूट खोल खड्ड्यात, विहीर-बोअरपासून लांब, चुना टाकून पुरा. कुत्र्या-मांजरांना उकरता येणार नाही असं बघा. उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नका, आणि मेलेली कोंबडी शिजवून खाऊ नका.

२. तूस, विष्ठा, उरलेलं खाद्य सगळं बाहेर काढा. मातीची जमीन असेल तर वरचा दोन-तीन इंच थर खरवडून काढा.

३. भांडी, क्रेट, खुराडं आधी साबणाच्या पाण्याने घासून धुवा, मग जंतुनाशक लावा. घाणीवर जंतुनाशक टाकलं तर ते घाणीतच संपतं.

४. जमिनीवर चुना मारा, पत्रा किंवा छप्पर उघडता येत असेल तर उघडा आणि ऊन लागू द्या. भोवतालचं पाणी वाहून जाईल असा चर काढा.

५. तीन-चार आठवडे जागा रिकामी ठेवा. याच काळात उंदरांची बिळं बुजवा.

पुढे रोग येऊ नये म्हणून

सगळ्यात मोठा उपाय फुकटचा आहे: बाजारातली मोठी कोंबडी आणू नका. एक दिवसाची पिल्लं चांगल्या हॅचरीतून घ्या आणि एका जागेत एकाच वयाची पाखरं ठेवा. मोठा पक्षी आणावाच लागला तर निदान तीन आठवडे वेगळा ठेवा. पण याला मर्यादा आहे: वेगळं ठेवल्याने आजारी पक्षी कळतो, लपलेला वाहक कळत नाही.

लेअर शेड असेल तर अजून दोन गोष्टी. एक, काम नेहमी लहान पाखरांकडून मोठ्यांकडे करा, उलटं नको, आणि शेडच्या चपला वेगळ्या ठेवा. दोन, व्यापाऱ्याकडून परत येणारे अंड्यांचे ट्रे आणि क्रेट. हे चार फार्म फिरून तुमच्याकडे येतात. प्लास्टिकचे असतील तर गेटवरच धुऊन जंतुनाशकातून काढा, पुठ्ठ्याचे असतील तर परत घेऊच नका.

लस घ्यायची का? कॉलऱ्याची मारलेल्या जिवाणूची लस असते. साधारण ८ ते १० आठवडे वयात पहिला डोस आणि चार आठवड्यांनी दुसरा, म्हणजे अंड्यावर येण्याआधी काम पूर्ण होतं. ज्या गावात किंवा फार्मवर हा रोग येऊन गेलाय तिथे ती घेण्यात अर्थ आहे. पण तीन मर्यादा लक्षात ठेवा. जिवाणूचे प्रकार अनेक आहेत, त्यामुळे लस प्रत्येक प्रकारावर सारखी चालत नाही. जी कोंबडी आधीच वाहक आहे तिला लस साफ करत नाही. आणि कोंबड्यांच्या लशीच्या कुप्या बहुधा शेकडो डोसच्या असतात, म्हणून ५०-६० पक्षीवाल्यांनी गावातल्या चार-पाच जणांनी मिळून, डॉक्टरांशी आधी बोलून, एकाच दिवशी लसीकरण ठरवलं तर परवडतं.

मानमोडीची लस दिली म्हणजे कॉलऱ्यापासूनही वाचलो, असं नाही. दोन्ही रोग वेगळे, लशीही वेगळ्या.

आज करायचं काम

लेख बंद करण्याआधी खुराड्यात जा आणि एकेका कोंबडीकडे दोन मिनिटं बघा. गलोल दोन्ही बाजूंना सारखे आहेत का? कुणी लंगडतंय का? मान वाकडी? एखादी अशी दिसली तर तिला आजच वेगळं करा, तिचं पाण्याचं भांडं वेगळं करा आणि उद्या डॉक्टरांना दाखवा. आणि एक वही सुरू करा: तारीख, किती मेल्या, किती अंडी, कुठून कोणता पक्षी आला. अचानक मरतूक झाली की डॉक्टर पहिल्यांदा हीच माहिती विचारतात.

पुढच्या लेखात मानमोडीच्या लसीकरणाचं वेळापत्रक बघूया.